सल्ला सदर : बहिणीचं लग्न आणि नेमकी इमर्जन्सी

*मॅडम, मी नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनचा जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट डॉक्टर आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी चिपळूणला धाकट्या बहिणीचं लग्न आहे. शनिवारी हळद, मंगळवारी तिच्या सासरी पूजा. मी शुक्रवार ते मंगळवार रजा मागितली, तर थर्ड इयरचे सर म्हणाले, “शक्य नाही, रोस्टर बघ.” आमच्याकडे तीन युनिटं आहेत. आमची चोवीस तासांची इमर्जन्सी ड्युटी मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि नेमका तो रविवारही आमच्याच वाट्याला. युनिटमध्ये जेआर वन दोघंच. पार्टनर काही बोलत नाही, पण विषय काढला की गप्प होतो. बाबा नाहीत, त्यामुळे आईला मी पाचही दिवस घरात हवा आहे. काका-काकू कन्यादान करणार आहेत, बाकी सगळं माझ्यावर. आजारपणाची रजा टाकून सरळ निघून जाऊ का? अजून सात आठवडे आहेत.*

*— एक भाऊ, नवी मुंबई*

प्रिय भाऊ,

आजारपणाची रजा टाकू नकोस. तिच्यासोबत सर्टिफिकेट लागेल आणि ते तुझ्याच एखाद्या मित्राच्या सहीचं असेल. खोट्या सर्टिफिकेटवर सही करणं हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत गैरवर्तन म्हणून नोंदलेलं आहे, म्हणजे लग्न तुझ्या घरचं आणि रजिस्ट्रेशन पणाला लागणार त्याचं. शिवाय ऐन वेळी कळवलेल्या आजारपणाला बदली माणूस मिळत नाही. त्या रविवारी रात्री पार्टनर एकटा उभा राहील आणि पुढची अडीच वर्षं तुला त्याच्याच शेजारी काम करायचं आहे.

मी रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षी युनिटचं रोस्टर लावत होते, त्यानंतर लेक्चरर म्हणूनही बरीच वर्षं ते काम माझ्याकडे होतं. त्यामुळे तुझ्या सरांच्या “रोस्टर बघ” या उत्तरामागे काय आहे ते मला दिसतं. तू पाच दिवस मागितलेस. त्या पाच दिवसांत शुक्रवार, रविवार आणि मंगळवार अशा तीन इमर्जन्सी येतात. सरांना तुझी पाच दिवसांची रजा दिसतच नाही, त्यांना जेआर वनची एक जागा रिकामी असलेल्या तीन रात्री दिसतात.

ती रिकामी जागा म्हणजे काय, हे तू रोज बघतोस, तरी एकदा पार्टनरच्या बाजूने बघ. पहाटेचे अडीच. कॅज्युअल्टीत पल्मनरी एडीमाचा पेशंट येतो, बसून धापा टाकतोय, ऑक्सिजन लावायचा, लॅसिक्स द्यायचं, नातेवाइकांशी बोलायचं. त्याच वेळी वॉर्डातून सिस्टरचा फोन येतो, अकरा नंबरची शुगर अडतीस आहे आणि ती हाकेला ओ देत नाही. दोघं असलात तर एक जण वर पळतो. एकटा असेल तर त्याने खालचा पेशंट सोडायचा की वरचा? सेकंड इयरचे एक जण आयसीयूत अडकलेले, दुसरे सर्जरीच्या वॉर्डात रेफरन्स बघायला गेलेले. तुझा पार्टनर गप्प होतो तो या रात्रीच्या विचाराने. तुझ्या बहिणीच्या लग्नाबद्दल त्याच्या मनात काही नाही.

म्हणून आधी “रजा किती दिवस?” हा प्रश्न बाजूला ठेव आणि “माझ्यावाचून कुठल्या रात्री अडतात?” हे धर. तीन रात्री आहेत. तिन्हींचा उपाय वेगवेगळा आहे.

सगळ्यात अवघड वाटणारा रविवार प्रत्यक्षात सगळ्यात सोपा आहे, कारण त्या दिवशी तुला एकट्याला कव्हर शोधायचं नाही. रविवार युनिटांमध्ये पाळीने फिरतो. पुढचा रविवार ज्या युनिटचा आहे त्यांच्याशी तुमच्या अख्ख्या युनिटचा रविवार बदलून घेता येतो. त्यांनी त्यांचा रविवार एक आठवडा आधी करायचा, तुम्ही तुमचा एक आठवडा उशिरा. कुणावरही एकही रात्र वाढत नाही. पण त्यांना त्रास काहीच नाही असं म्हणू नकोस. त्यांना आधीचा रविवार तिसऱ्या आठवड्याऐवजी दुसऱ्याच आठवड्यात येईल, मात्र त्यानंतरचा चार आठवड्यांनी येईल. हे तूच आधी सांगितलंस तर ते लगेच मान हलवतील. ते त्यांनी स्वतः मोजून काढलं तर आपल्याला फसवलं जातंय असं त्यांना वाटेल.

बाकी दोन युनिटांसाठी रविवार हा तुमच्यापेक्षा जड असतो, हेही लक्षात ठेव. सोमवार-गुरुवारवाल्यांना रविवार आणि सोमवार लागून येतात, बुधवार-शनिवारवाल्यांना शनिवार आणि रविवार. ते त्यांना त्यांच्या पाळीत सोसावं लागतंच, अदलाबदलीने फक्त आठवडा बदलतो. पण त्या आठवड्यात त्यांच्यातलंही कुणी रजेवर असेल तर हा बदल होणार नाही. म्हणून आधी त्यांच्या जेआर वनना विचार, “त्या रविवारी तुमच्यापैकी कुणी बाहेर आहे का?” उत्तर नाही असं आलं तरच पुढे जा.

पुढे जाण्याचाही एक क्रम आहे. तू थेट त्यांच्या युनिट हेडकडे गेलास तर तुझे सर दुखावतील आणि बोलणं तिथेच संपेल. आधी तुझे थर्ड इयरचे सर, मग त्यांच्यामार्फत त्या युनिटचे थर्ड इयर, मग दोन्हीकडचे लेक्चरर, शेवटी दोन्ही युनिट हेड. सहीची खरी किंमत शेवटच्या दोघांची आहे, पण निर्णय पहिल्या दोघांतच होतो, कारण रोस्टर प्रत्यक्षात तेच लावतात. हे सगळं डिसेंबरचं रोस्टर कागदावर यायच्या आधी व्हायला हवं. तुझ्याकडे सात आठवडे आहेत, त्यातले पहिले दोन यासाठी वापर. चार्ट सूचनाफलकावर लागला की प्रत्येकाने त्यावर आपापले बेत बांधलेले असतात आणि मग तोच बदल चौपट महाग पडतो.

आता शुक्रवार. इथे बहुतेक जण चुकतात. दुसऱ्या युनिटचा मित्र रात्री येईल असं त्यांना वाटतं. तुमची घडी नीट बघ. सोमवार-गुरुवारवाले शुक्रवारी रात्रभर जागून आलेले असतात. बुधवार-शनिवारवाल्यांची दुसऱ्या दिवशी इमर्जन्सी असते. यांतल्या कुणालाही शुक्रवारी रात्री उभं केलंस तर त्याच्या सलग दोन रात्री जागून होतील आणि दुसऱ्या रात्री चौपन्नच्या जागी पंचेचाळीस नंबरच्या पेशंटला इन्शुलिन जाईल. तीन युनिटांच्या विभागात शुक्रवारी ताजा माणूस बाहेरून मिळतच नाही. तो तुमच्याच युनिटमध्ये शोधायला हवा.

आणि तो तुमच्याकडे आहे. तुमच्या दोन सेकंड इयरपैकी जे आयसीयूत नसतील, त्यांना विनंती कर की शुक्रवारी रात्री आठपासून सकाळपर्यंत वॉर्डांचे कॉल त्यांनी घ्यावेत. पार्टनर कॅज्युअल्टी धरेल. सेकंड इयरने जेआर वनची जागा घेतली तर हरकत नसते, उलटं चालत नाही. आयसीयूतल्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी तू त्यांच्या जागी उभा राहू शकत नाहीस. इंटर्नला तर तुझ्या जागी दाखवूच नकोस. इंटर्न रक्त काढेल, रिपोर्ट आणेल, पण रात्री ॲडमिशनचा निर्णय त्याच्या अंगावर टाकणं त्याच्यावर आणि पेशंटवर अन्याय आहे.

मग फेड कशी करायची? तुमच्याकडेही बहुधा असेल, जो रविवार इमर्जन्सीचा नसतो त्या दिवशी एखादा रेसिडेंट राउंड घेऊन वॉर्ड सांभाळायला थांबतो आणि बाकीचे मोकळे असतात. सेकंड इयरचा असा एक रविवार तू घे. पार्टनरचाही एक घे. दोन्ही लग्नाच्या आधी घे. नंतर करतो म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते मी पाहिलंय. “नंतर” या शब्दाचा अनुभव प्रत्येक रेसिडेंटला असतो. आधी फेडलंस तर शुक्रवारी रात्री आठला बॅग उचलताना तू कुणाचा देणेकरी नसशील.

म्हणजे शुक्रवारी तू दिवसभर इमर्जन्सी करशील, कॅज्युअल्टीतल्या ॲडमिशन घेशील आणि आठला सुटशील. हॉस्टेलवर आंघोळ करून पनवेल गाठ. कोकणकन्या पनवेलला मध्यरात्रीच्या आसपास येते, तेव्हा तिकिटावरची तारीख मुंबईची धरायची की पनवेलची, ते आरक्षण करताना नीट बघ. या घोळात माणसं चोवीस तास आधी किंवा नंतर पोचली आहेत. सध्या आरक्षण साठ दिवस आधी खुलतं, म्हणजे तुझ्या तारखांचं खुललेलं आहे. रजा मंजूर व्हायची वाट न बघता आजच तिकीट काढ, रद्द करण्याचे पैसे गेले तर जाऊ देत. आणि रात्रभर जागून शनिवारी सकाळी मित्राची गाडी घेऊन दोनशेहून जास्त किलोमीटर घाटातून स्वतः चालवत जायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोड. इमर्जन्सी करून गाडी चालवताना डुलकी लागलेल्या डॉक्टरांना मी कॅज्युअल्टीत ॲडमिट केलेलं आहे.

शनिवारी पहाटे तू चिपळूणला. हळद मिळाली, लग्न मिळालं. सोमवारी दुपारची मांडवी धरलीस तर त्या रात्री हॉस्टेलवर झोपायला मिळेल आणि मंगळवारच्या इमर्जन्सीला तू झोप झालेला माणूस म्हणून उभा राहशील. सोमवारी रात्रीच्या गाडीने निघून मंगळवारी पहाटे उतरायचा मोह टाळ. त्या दिवशी चोवीस तासांची ड्युटी गाडीतल्या अर्धवट झोपेवर करावी लागेल आणि पार्टनर तर शुक्रवारी तुझ्यावाचून जागलेला असेल.

म्हणजे रजा दोनच दिवसांची उरते, शनिवार आणि सोमवार. मधला रविवार रजेत मोजतात का ते पीजी सेक्शनच्या क्लार्कना आत्ताच विचार.

मंगळवारची पूजा तुला सोडावी लागेल. हे तू आईला सांगायचं आहेस आणि ते फोनवर सांगू नकोस. मधे एखाद्या मोकळ्या रविवारी चिपळूणला जा, नसेल जमत तर तिला इकडे बोलाव. तिच्यासमोर लग्नाचे सगळे विधी एका कागदावर लिही आणि विचार, “यांत माझ्यावाचून काय अडतं?” हळदीला भाऊ असावा असं कुणालाही वाटेल. लग्नात लाजाहोमाला बहिणीच्या ओंजळीत लाह्या भावानेच घालायच्या असतात. कानपिळीला नवऱ्या मुलाचा कान तूच पिळायचा आहेस. ही तुझी जागा, इथे काका उभे राहिले तर तुझ्या बहिणीला आयुष्यभर ते आठवेल. ग्रहमख काका-काकूंना करता येईल. वाजंत्री, मांडव, जेवणाचे आचारी यांचं तुला सात आठवड्यांत फोनवरून ठरवता येईल आणि त्या दिवशी बघायला मावसभावांपैकी एक जण नेमता येईल. सासरच्या पूजेला मुलीकडून आई आणि काका-काकू गेले तरी रीत पुरी होते. बाबा नसल्यामुळे आईला तुझी पाच दिवसांची सोबत हवी आहे, ते मला समजतं. पण तिला खरी भीती बहुधा लग्नाच्या क्षणी एकटं पडायची असेल. तो क्षण तू देतोयस. मंगळवार सोडावा लागतोय याचं तुलाही वाईट वाटतंय, हे तिला सांग, लपवू नकोस.

आता सरांकडे जा. राउंड संपल्यावर, चहाच्या वेळी, एकटे असताना. पाच दिवसांचा जुना अर्ज मागे घे आणि असं काहीसं बोल:

“सर, मी आधी पाच दिवस मागितले तेव्हा रोस्टर बघितलं नव्हतं, चुकलं. आता बघितलंय. मला शनिवार आणि सोमवार हवेत. शुक्रवारी मी रात्री आठपर्यंत आहे, मंगळवारच्या इमर्जन्सीला सकाळपासून आहे. शुक्रवारी रात्री वॉर्डांचे कॉल सेकंड इयरचे सर घ्यायला तयार आहेत, मी त्यांचा आणि पार्टनरचा एकेक रविवार आधीच करतोय. फक्त तो रविवार पुढच्या युनिटशी बदलता येईल का, एवढं तुम्ही त्यांच्या थर्ड इयरशी बोलाल का? त्यांचे दोघे जेआर वन त्या दिवशी आहेत, मी विचारलंय.”

या बोलण्यात सरांना स्वतः करायचं काम एकच उरतं, एक फोन. पहिल्या वेळी तू त्यांच्यापुढे तीन रिकाम्या रात्री ठेवल्या होत्यास.

तोंडी हो मिळालं की त्याच दिवशी कागद कर. माझ्याबाबतीत काय झालं ते सांगते. मी फर्स्ट इयरला असताना माझ्या सख्ख्या भावाचं लग्न साताऱ्याला होतं. माझ्या एका मैत्रिणीने ड्युटी घेते म्हणून सांगितलं होतं, आम्ही दोघी कँटीनमध्ये बोललो होतो, बस. तिने मनात पुढचा रविवार धरला होता. हळदीच्या संध्याकाळी माझे हात पिवळे असताना फोन आला की उद्या तुझ्या जागी कोण आहे. मी रात्रीच्या एसटीने परत आले. लग्न मी फोटोत बघितलं. मैत्रिणीची चूक नव्हती, माझीही म्हणवत नाही. तारीख कुठेच लिहिलेली नव्हती, एवढंच.

म्हणून कव्हर करणाऱ्याने “हो रे, बघू” म्हटलं तर ते हो धरू नकोस. युनिटच्या ग्रुपवर तू तारीख, वार, वेळ, जागा लिही आणि त्यांनी स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यावं, “शुक्रवार, रात्री आठ ते सकाळी नऊ, वॉर्ड, मी.” जो माणूस वार सांगताना अडखळतो त्याने ते मनावर घेतलेलं नसतं. ते तिथेच कळतं, हळदीच्या दिवशी नाही. अर्जावर रजेच्या तारखांखाली कव्हर करणाऱ्याचं नाव आणि सही असू दे. त्याची प्रत पीजी सेक्शनला दे, नाहीतर बायोमेट्रिकमध्ये तू गैरहजर दिसशील आणि ते निस्तरायला महिना जाईल. बदललेला रविवार कॅज्युअल्टीच्या चार्टवर, आयसीयूत आणि टेलिफोन ऑपरेटरकडे, तिन्ही ठिकाणी बदलला गेलाय का ते गुरुवारी स्वतः जाऊन बघ. ऑपरेटरकडे जुनाच कागद राहिला तर रविवारी पहाटे तुझाच फोन वाजेल. आणि सेकंड इयरना शुक्रवारी ताप आला तर दुसरं नाव कोणाचं, हेही सरांशी आधीच बोलून ठेव.

हे सगळं करूनही नकार आला तर? तेव्हा नियम माहीत असू दे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत वर्षाला किमान वीस दिवस पगारी किरकोळ रजा आहे, शिवाय पाच दिवस शैक्षणिक रजा आणि कामाची निकड नसेल तर आठवड्याची एक सुट्टी. त्यापलीकडे रजा घेतलीस तर तेवढे दिवस कोर्स लांबतो. पण तू मागशील त्याच तारखेला रजा मिळेल असं त्यात म्हटलेलं नाही, त्यामुळे पहिल्याच भेटीत हा नियम पुढे करू नकोस. युनिट हेडनी कारण न देता नाही म्हटलं तर तोच अर्ज, कव्हरच्या सह्यांसकट, विभागप्रमुखांना लेखी दे. ज्या अर्जात प्रत्येक रात्रीपुढे नाव लिहिलेलं आहे, त्यावर नकाराचं कारण लिहिणं त्यांनाही कठीण जातं. तिथेही अडलं तर डीनच्या कार्यालयात, आणि तुमच्याकडे मार्डचा प्रतिनिधी असेल तर त्याला बरोबर घेऊन.

नकाराचं खरं कारण एक असू शकतं, पार्टनर किंवा ते सेकंड इयर त्याच आठवड्यात आजारी पडणं. तसं झालं तर शनिवार सोडावा लागला तरी रविवार सोडू नकोस. शुक्रवारची इमर्जन्सी पूर्ण कर, शनिवारी राउंड संपवून झोप काढ आणि मग रात्रीच्या गाडीने जा. हळद जाईल, कानपिळी मिळेल. त्यासाठी शनिवार रात्रीचंही एक तिकीट आजच काढून ठेव.

शुक्रवारी आठला निघताना पार्टनरच्या हातात पेशंटची यादी दे. सगळ्यांची माहिती नको, ज्यांचं काही अडलेलं आहे तेवढीच. “चौदा नंबर, पोटॅशियम सहा पॉइंट दोन होतं, कॅल्शियम ग्लुकोनेट आणि इन्शुलिन-डेक्स्ट्रोज दिलंय, दहाला परत पाठवायचं, वाढलं तर नेफ्रोला फोन. सात नंबर, मुलगा सकाळी गावाहून येतोय, त्याच्याशी डायलिसिसबद्दल बोलायचं राहिलंय.” असं बेडजवळ उभं राहून सांग, फोनवर पाठवून निघू नकोस. सेकंड इयरनाही त्या वेळी तिथे बोलाव.

आणि मंगळवारी सकाळी साडेसातलाच वॉर्डात पोच. चौदा नंबरचं काय झालं ते विचार, ओव्हर घे आणि नऊला इमर्जन्सी सुरू व्हायच्या आत पार्टनरला नाश्त्याला पाठव. लग्नाचे लाडू सिस्टरच्या टेबलावर ठेव, पण त्याचा डबा वेगळा काढून ठेव.

तुझी,
सल्लागार मॅडम